इनव्हॉइसमधून वजाबाकी नको



वर्षभरातल्या सागरी विम्याचा आढावा घ्या, असे या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाच्या निमंत्रणात लिहिले होते. तो छापील अहवालात आहे, तिथेच वाचावा. माझ्या मनात फार वर्षांपासून एक गोष्ट साचली आहे, ती आज बोलतो. समुद्रात भिजलेल्या मालाचा दावा मांडताना आपल्या अकोला, अमरावती, खामगाव भागातले व्यापारी रक्कम चुकीच्या रीतीने काढतात, आणि आपण सर्व्हेअर ते मुकाट्याने पाहत राहतो.

पण आधी सकाळचा वाद मिटवू. ओल्या रुईवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि दह्यासारखा पांढरा साका आला, की पाणी समुद्राचे. आला नाही, तर पावसाचे किंवा कंटेनरच्या छताला सुटलेल्या घामाचे. एवढी परीक्षा पुरे, असे तरुण मंडळींचे म्हणणे पडले. मला ते मान्य नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या एका प्रेसच्या गाठी मी तपासत होतो. गाठी अजून गोदामातच होत्या, त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, तरी थेंब टाकताच साका आला. दाबण्यापूर्वी रुईवर पाणी मारतात, ते तिथल्या विहिरीचे होते, आणि त्या विहिरीचे पाणी चहालाही चालत नाही. तेव्हापासून मी एका गाठीवर कधी विसंबलो नाही. त्याच कंटेनरमधली कोरडी गाठ शेजारी ठेवायची, दोन्हींच्या बाहेरच्या थरातली आणि आतली रुई काढायची आणि चारही नमुने एकदम तपासायचे. समुद्राचे पाणी बाहेरून आत शिरते, म्हणून खार वरच्या थरात जास्त आणि आत कमी मिळतो. विहिरीचा खार गाठभर सारखा असतो आणि कोरड्या गाठीतही सापडतो. सोबत कंटेनरचे दार लावून आत उभे राहावे. छिद्र असेल तर उजेड दिसतो, आणि भिजलेल्या गाठी त्याच्या खाली आहेत की नाहीत, ते तिथल्या तिथे कळते.

कारण एकदा असे पक्के झाले, की पुढचा प्रश्न पैशांचा. माझे भांडण तिथे आहे.

आपला निर्यातदार दाव्याच्या पत्राला तीन गोष्टी जोडतो: सर्व्हे रिपोर्ट, इनव्हॉइस आणि दाव्याची रक्कम. रक्कम कशी काढली म्हणून विचारा. इनव्हॉइसची किंमत घेतली, भिजलेला माल विकून आलेले पैसे त्यातून वजा केले, उरले ते मागितले. ऐकायला हे सरळ वाटते, आणि म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. १९६३च्या सागरी विमा कायद्याच्या ७१व्या कलमात रीत वेगळी आहे. माल जिथे उतरला, तिथल्या बाजारात चांगल्या मालाचा भाव काय होता आणि भिजलेल्या मालाला काय मिळाला, हे दोन भाव घ्यायचे. दोन्हींतली तूट चांगल्या भावाच्या किती टक्के, ते काढायचे. तेवढे टक्के विम्याच्या रकमेला लावायचे. या हिशेबात इनव्हॉइस फक्त विम्याची रक्कम ठरवायला लागते. रिवाज असा, की मालाची किंमत, विमा आणि जहाजभाडे धरून होणाऱ्या बेरजेवर आणखी १० टक्के चढवून विमा उतरवतात.

माझ्याकडे आलेलेच एक प्रकरण सांगतो. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत. न्हावा शेवाहून चितगावला रुईचा कंटेनर गेला, १५० गाठी, प्रत्येकी १७० किलो. छताच्या छिद्रातून पाणी आले आणि ४० गाठी भिजल्या. खरेदीदाराने तेवढ्या गाठींचे पैसे अडवले आणि पॉलिसी पाठीमागे सही करून आपल्याकडच्या निर्यातदाराकडे परत पाठवली. इनव्हॉइसचा दर किलोला १६० रुपये. ४० गाठींची ६,८०० किलो रुई, म्हणजे इनव्हॉइस १० लाख ८८ हजारांचे आणि विमा ११ लाख ९६ हजार ८०० रुपयांचा. जहाज पोहोचेपर्यंत तिकडचा बाजार चढला होता. चांगली रुई २०० रुपयांनी जात होती, भिजलेली १२० रुपयांनी गेली. विक्रीचे ८ लाख १६ हजार आले. व्यापाऱ्याने इनव्हॉइसमधून ते वजा केले आणि २ लाख ७२ हजारांचा दावा घातला. विमा कंपनीने तो त्याच आठवड्यात मंजूर केला. का करणार नाही? कायद्याने तूट होती २००मागे ८०, म्हणजे ४० टक्के, आणि दावा होत होता ४ लाख ७८ हजार ७२० रुपयांचा. दोन लाखांहून जास्त रक्कम त्या माणसाने स्वतःच्या हाताने सोडून दिली. मी हे पाहिले तेव्हा त्याने पूर्ण आणि अंतिम भरपाईच्या पावतीवर सही केलेली होती.

बाजार पडला असता तर? चांगली रुई १२०, भिजलेली ७२. तूट तीच, ४० टक्के, दावाही तोच. पण वजाबाकी केली तर ५ लाख ९८ हजार ४०० येतात. कंपनी म्हणते, बाजार पडल्याचे नुकसान आमच्याकडे विमित नाही. ते बरोबर आहे. मग पत्रापत्री सुरू होते, वर्ष निघून जाते, आणि आपल्याकडे बोलले जाते की विमावाले पैसे देतच नाहीत. दोन्ही वेळा दोष त्या वजाबाकीचा असतो.

हे सगळे आपल्या रिपोर्टवर येऊन थांबते, म्हणून सर्व्हेअर बंधूंनो, तुमच्याशी मी आज कडक बोलतो. ‘नुकसान अंदाजे ४० टक्के’ असे लिहून सही करणे ही पाहणी नव्हे. कशाच्या ४० टक्के? त्या दिवशी त्या बंदरात चांगल्या रुईचा भाव काय होता, तो कोणी सांगितला, भिजलेल्या गाठींना किती जणांनी बोली लावली, हे रिपोर्टमध्ये नसेल तर व्यापारी इनव्हॉइसकडेच वळणार. त्याच्या हाताशी दुसरा आकडा नसतो. गाठींचे प्रेस नंबर पॅकिंग लिस्टशी ताडून लिहा, नाहीतर कोणत्या ४० यावरच वाद होतो. वरचा थर सोलून आतली रुई वाचत असेल, तर सोललेली वेगळी तोला. सगळी गाठ भिजली असे लिहून मोकळे होऊ नका, कारण चांगली रुई भिजलेल्यांत विकली गेली तर कंपनी ते मान्य करणार नाही आणि तोटा मालकालाच बसेल.

विमा कंपन्यांच्या स्नेह्यांनाही सांगतो. कायद्याने देणे जास्त निघत असताना कमी रकमेचा दावा आला, तर तो तसाच मंजूर करू नका. समोरचा माणूस जिनिंग चालवतो, कायदा वाचत नाही. त्याला एक पत्र लिहायला किती वेळ लागतो?

राहता राहिले जहाज कंपनीचे. नुकसान बाहेरून दिसत नसेल, तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत जहाज कंपनीला लेखी सूचना आणि एका वर्षात तिच्यावर कोर्टात दावा, या दोन मुदती पाळल्या नाहीत तर विमा कंपनीचा पुढचा वसुलीचा हक्क दुबळा होतो किंवा जातो, आणि मग ती तुमच्या दाव्यात खोट काढते. सूचना विम्यासाठी नाही, असे समजून ती टाळणारे मी फार पाहिले.

पुढच्या अधिवेशनापर्यंत रकमेच्या मांडणीचा एक छापील नमुना मराठीत करावा, असे माझ्या मनात आहे. चितगावच्या बाजारभावाची नोंद ठेवायलाही कोणीतरी पुढे यावे. कोण, कशी, ते दुपारच्या बैठकीत बोलू. ज्यांच्याकडे मंजूर झालेल्या जुन्या दाव्यांच्या फायली आहेत, त्यांनी त्या बरोबर आणाव्यात. इनव्हॉइसमधून वजाबाकी केलेल्या आधी बघू.