रोख्यांची विक्री आणि बँकांची तिजोरी



सरकारला पैसा हवा असला म्हणजे ते कर्जरोखे विकते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु आज मला ज्या विक्रीविषयी बोलावयाचे आहे, ती सरकारने केलेली विक्री नव्हे. पूर्वी कधीतरी निघालेले आणि रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात मत्ता म्हणून नोंदलेले सरकारी रोखे ती बँक जेव्हा स्वतःच्या हिशेबाने बाजारात विकते, तेव्हा त्या व्यवहारास खुल्या बाजारातील विक्री म्हणतात. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या सतराव्या कलमाने तिला हा अधिकार दिलेला आहे. दोन्ही विक्रींत रोखा तोच असू शकतो, खरेदीदारही तोच असू शकतो, आणि तरीही परिणामांत महदंतर पडते. सरकार नवा रोखा विकते तेव्हा बँकांकडून निघालेला पैसा काही दिवस सरकारच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यात राहतो आणि मग पगार, निवृत्तिवेतने, ठेकेदारांची देणी अशा वाटांनी पुन्हा बँकांकडे परततो. रिझर्व्ह बँक विक्रेती असते तेव्हा आलेली रक्कम कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. तिच्या ताळेबंदातील मत्तेच्या बाजूचा रोखा जातो, देण्याच्या बाजूची तितकीच रक्कम कमी होते, आणि तो पैसा अस्तित्वातूनच नाहीसा होतो.

ही नाहीशी होणारी रक्कम म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, रिझर्व्ह बँकेने १०० कोटी रुपयांचे रोखे विकले आणि ते एका विमा कंपनीने घेतले. कंपनीची ठेव एखाद्या व्यापारी बँकेत आहे. त्या ठेवीतून १०० कोटी वजा होतात, आणि त्या बँकेचे रिझर्व्ह बँकेत जे खाते असते, त्यातूनही १०० कोटी वजा होतात. बँकेस आपल्या ठेवींच्या काही टक्के रक्कम या खात्यात राखीव ठेवावीच लागते; हे प्रमाण ४ टक्के धरले, तर ठेव १०० कोटींनी घटल्यामुळे राखीव रकमेची गरज अवघ्या ४ कोटींनी कमी झाली, पण हातची रक्कम मात्र १०० कोटींनी गेली. उरलेले ९६ कोटी त्या बँकेला कोठून तरी उभे करावे लागतात. लोकांच्या हातचा पैसा, म्हणजे ठेव, येथे पहिल्याच दिवशी १०० कोटींनी आटला आहे. आता तेच रोखे बँकेने स्वतःकरिता घेतले असे धरा. कोणाही ठेवीदाराची ठेव कमी होत नाही, चलनपुरवठा त्या दिवशी होता तेवढाच राहतो. बँकेच्या राखीव रकमेतून मात्र पूर्ण १०० कोटी जातात आणि त्यांच्या जागी रोखा येतो. म्हणून विक्रीने चलनपुरवठा तत्काळ घटतो असे जे सरसकट सांगितले जाते, ते खरेदीदार कोण हे विचारल्याशिवाय सांगू नये. राखीव रकमेवरचा आघात दोन्ही प्रसंगी निश्चित असतो. ठेवींवरचा आघात कधी प्रत्यक्ष, तर कधी बँकेने पुढे कर्जे आवरती घेतल्यावर होणारा असतो.

पाठ्यपुस्तकांत यापुढे एक गुणाकार येतो. राखीव प्रमाण ४ टक्के असेल तर १०० कोटींच्या घटीने ठेवी २,५०० कोटींनी कमी होतील, असा तो हिशेब. प्रत्यक्षात आपल्या देशात लोक पैशाचा मोठा हिस्सा नोटांच्या रूपाने जवळ बाळगतात, त्यामुळे एकूण चलनपुरवठा हा रिझर्व्ह बँकेने निर्मिलेल्या पैशाच्या पाच-साडेपाच पटींच्या आसपासच असल्याचे २०१३ च्या सुमाराचे आकडे सांगतात. पण माझा मुख्य आक्षेप पटीच्या आकड्यावर नाही. ज्या बँकेला ९६ कोटींची तूट पडली, ती दुसऱ्या दिवशी कर्जदारांच्या दारी वसुलीला जात नाही. तिची कर्जे वर्षानुवर्षांच्या मुदतीची असतात, तूट मात्र आजची असते. ती प्रथम जाते एका रात्रीपुरते पैसे देणाऱ्या कॉल बाजारात. सगळ्या बँकांची मिळून रक्कमच कमी झालेली असल्याने तेथे एकीची तूट दुसरीने भरून काढली तरी एकूण तूट जागच्या जागी राहते आणि व्याजदर चढू लागतो. विक्रीचा परिणाम सर्वांत आधी व सर्वांत स्पष्ट दिसतो तो या एका रात्रीच्या दरात.

मग तो किती चढतो? माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा या प्रश्नात आहे. बाजारात तूट पडली की बँका अखेरीस रिझर्व्ह बँकेकडेच येतात. सरकारी रोखे तारण ठेवून तिच्याकडून रेपोच्या दराने अल्प मुदतीचे पैसे घेण्याची सोय असते. ही खिडकी मुबलक उघडी असेल, तर कोणती बँक कॉल बाजारात त्याहून फार अधिक व्याज देईल? मग विक्रीने एका हाताने काढून घेतलेला पैसा रेपोच्या हाताने परत दिला जातो. फरक इतकाच की, बँकांची जी रक्कम स्वतःची व बिनव्याजी होती ती आता उसनी व सव्याज झाली. विक्रीची शक्ती किती, हे किती कोटींचे रोखे विकले यावरून ठरत नाही. रिकामी झालेली जागा भरून काढण्याचा मार्ग कोणत्या दराने व किती रुंद उघडा ठेवला आहे, यावरून ते ठरते.

आपल्याकडे हे तत्त्व १९५१ साली एका निर्णयात मूर्त झाले. तोपर्यंत कापूस, भुईमूग, धान्य यांच्या हंगामात पैशाची गरज वाढली की बँका आपले सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेस विकत, आणि भाव पडू नयेत म्हणून ती ते घेत असे. अशा स्थितीत रोखे विकून पैसा आवरण्याचा कोणताही प्रयत्न व्यर्थच ठरणार, कारण आज विकलेला रोखा उद्या परत तिच्याच दारी येणार. नोव्हेंबर १९५१ मध्ये बेनेगल रामराव हे गव्हर्नर आणि त्यांच्या पूर्वीचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे अर्थमंत्री असताना, १९३५ पासून ३ टक्क्यांवर स्थिर असलेला बँक दर साडेतीन टक्के करण्यात आला. त्याबरोबरच रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की हंगामी गरजेसाठी ती यापुढे सामान्यतः रोखे विकत घेणार नाही, तारणावर त्या दराने कर्ज देईल. अर्ध्या टक्क्याच्या वाढीकडे लोकांचे लक्ष अधिक गेले असेल, पण माझ्या मते दुसरी घोषणा अधिक दूरगामी होती. तिने पैसा मिळण्याची वाट बंद केली नाही, त्या वाटेवर दर लावला.

आता अलीकडच्या एका प्रसंगाकडे येतो, कारण त्यात विक्रीची मर्यादा लख्ख दिसते. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी मंदावण्याची शक्यता बोलून दाखविली आणि अनेक देशांतून परकी भांडवल निघू लागले. रुपया घसरला. दुव्वुरी सुब्बाराव तेव्हा गव्हर्नर होते. १५ जुलैच्या रात्री रिझर्व्ह बँकेने तीन उपाय घोषित केले. रेपोचा दर सव्वासात टक्के होता तो तसाच ठेवला, पण त्या दराने सर्व बँकांना मिळून ७५,००० कोटींहून अधिक मिळणार नाहीत असे ठरविले. त्यापलीकडे गरज पडली तर जी अधिक महाग खिडकी असते, तिचा दर सव्वाआठवरून सव्वादहा टक्के केला. आणि १८ जुलैस १२,००० कोटींचे रोखे खुल्या बाजारात विकण्याचे जाहीर केले. हेतू असा की रुपये दुर्मीळ व महाग व्हावेत, म्हणजे रुपये उसने घेऊन डॉलर घेणाऱ्यास ते परवडू नये.

१८ जुलैस विकले गेले फक्त २,५३२ कोटींचे रोखे. यात नवल नाही. रोख्यांचे भाव आधीच कोसळत होते. उद्या आणखी पडणार असे ज्याला वाटते, तो आज चढ्या भावाने बोली देत नाही. रिझर्व्ह बँकेने पडेल त्या भावाने विक्री केली असती, तर दीर्घ मुदतीच्या व्याजाचा दर तिनेच वर ढकलला असता, बँकांना आपल्या संग्रहातील रोख्यांवर तोटा दाखवावा लागला असता, आणि त्याच काळात जे सरकार प्रत्येक आठवड्यास कर्ज उभारीत होते त्याचे ओझे वाढले असते. त्या सरकारच्या कर्जाचे व्यवस्थापनही पुन्हा याच बँकेकडे. म्हणून तिने बहुतेक बोली नाकारल्या. भाव आणि परिमाण या दोहोंपैकी विक्रेत्याने एक ठरविले की दुसरे बाजार ठरवितो, हा नियम तिलाही लागू आहे.

आकड्यांचे प्रमाणही पाहावे. ७५,००० कोटी ही मर्यादा बँकिंग व्यवस्थेच्या ठेवी व तत्सम देण्यांच्या साधारण १ टक्का म्हणून घेतलेली होती. अर्थात ४ टक्के राखीव निधी ३ लाख कोटींच्या घरात जातो. त्याच्या तुलनेत २,५३२ कोटी म्हणजे एक टक्काही नव्हे. एवढ्याने राखीव निधीला कसलाही धक्का बसला नसता, आणि चलनपुरवठ्यावर तर परिणाम शोधूनही सापडला नसता.

आणि तरीही अल्पकालीन दर चढले, आणि केवढे चढले! २३ जुलैस रिझर्व्ह बँकेने रेपोची मर्यादा प्रत्येक बँकेच्या स्वतःच्या ठेवींच्या अर्ध्या टक्क्यावर आणली. त्याहून कमी चर्चिला गेलेला, पण मला अधिक मार्मिक वाटणारा भाग पुढचा होता. राखीव निधीचा हिशेब पंधरवड्याच्या सरासरीने होतो. तोवर कोणत्याही एका दिवशी ७० टक्के असले तरी चालत असे, म्हणजे महाग दिवशी कमी ठेवून स्वस्त दिवशी अधिक ठेवण्याची बँकेस मुभा होती. ही किमान मर्यादा आता ९९ टक्के झाली. तूट पुढे ढकलण्याची पळवाट बुजली, स्वस्त खिडकी अरुंद झाली, आणि बँकांना शेवटचा रुपया सव्वादहा टक्क्यांच्या खिडकीतूनच घेणे भाग पडले. कॉल बाजाराचा दर त्या पातळीला जाऊन टेकला. ९१ दिवसांच्या सरकारी हुंड्या, ज्यांवरील उत्पन्न काही आठवड्यांपूर्वी साडेसात टक्क्यांच्या आसपास होते, त्या ११ टक्क्यांच्या वर गेल्या, आणि तीन महिन्यांचे व्याज दहा वर्षांच्या व्याजाहून अधिक अशी उलटी स्थिती निर्माण झाली. विक्री जवळजवळ फसली असताना, विक्रीने जे साधावयाचे होते ते खिडकीच्या दराने साधले.

परंतु दहा वर्षांच्या रोख्यांवरील उत्पन्नही ऑगस्टमध्ये ९ टक्क्यांच्या वर गेले, आणि हे मात्र रिझर्व्ह बँकेस नको होते. तिचा रोख अल्प मुदतीवर होता, उद्योगधंद्यांच्या दीर्घ कर्जांवर नव्हता. तेव्हा २० ऑगस्टला, म्हणजे विक्रीच्या त्या फसलेल्या दिवसानंतर पाच आठवड्यांच्या आतच, तिने ८,००० कोटींचे दीर्घ मुदतीचे रोखे विकत घेण्याचे जाहीर केले. काहींनी यास धोरणातील विसंगती म्हटले. मला ते तसे वाटत नाही. महाग खिडकी तिने तशीच महाग ठेवली होती. त्यामुळे खरेदीने बाजारात आलेला पैसा बँकांनी त्या खिडकीतील उसनवारी फेडण्यास वापरला, आणि शेवटचा रुपया जोवर तेथूनच घ्यावा लागत होता, तोवर एका रात्रीचा दर ढळण्याचे कारण नव्हते. खरेदी दीर्घ मुदतीच्या भावासाठी होती, खिडकी अल्प मुदतीच्या दरासाठी. जुलैत विक्रीकडून या दोन्ही कामांची अपेक्षा एकदम केली गेली होती. ऑगस्टमध्ये ती कामे दोन स्वतंत्र साधनांकडे सोपविली गेली.