खल्लारीचा देवपाल आणि ‘असूनही’ हा शब्द

(रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



छत्तीसगडात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी या भागाच्या इतिहासावर एक छोटी पुस्तिका काढावी, असे आमच्या अभ्यासमंडळाने ठरविले. काम सोपे वाटले होते, पण एका वाक्यावर आम्ही तीन बैठका अडून बसलो. आज त्या वाक्याचीच हकीकत आपल्यापुढे ठेवणार आहोत.

रायपूरहून विजयनगरमच्या बाजूला जाणाऱ्या मार्गावर ज्यांनी काम केले आहे, त्यांना महासमुंदच्या पुढचे भीमखोज स्टेशन ठाऊक असेल. त्याच्या जवळच खल्लारी गाव आहे. डोंगरावरच्या देवीमुळे लोक ते ओळखतात. पंधराव्या शतकात हे ‘खल्वाटिका’ होते आणि रायपूर शाखेच्या कलचुरी राजांचे ठाणे होते. तेथे हरिब्रह्मदेव राजाच्या काळातील एक संस्कृत शिलालेख मिळाला. त्यावर विक्रम संवत १४७० असून तो इ. स. १४१५ मधला ठरतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून गेलेले कीलहॉर्न यांनी तो प्रथम नीट वाचून छापला. पुढे नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी कलचुरी लेखांच्या आपल्या १९५५ च्या संग्रहात तो घेतला. लेखाचा आशय असा, की देवपाल नावाच्या मोच्याने नारायणाचे देऊळ बांधले.

आमच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होते: “देवपाल हा हीन जातीचा असूनही त्याने भव्य मंदिर उभारले.” लिहिणाऱ्याच्या मनात कौतुकच होते. पण आमच्या एका सभासदाच्या घरी आजोबांपर्यंत चामड्याचे काम चालत असे. त्यांनी शांतपणे विचारले, “‘हीन’ हा शब्द शिलालेखात आहे का?” नव्हता. मग ते म्हणाले, “राजाविषयी आपण ‘राजा असूनही’ असे काही लिहिले नाही. हे ‘असूनही’ देवपालालाच का?”

आम्हांला उत्तर सुचेना. ‘हीन’ हे विशेषण आमच्या लेखणीतून आले होते. ‘असूनही’ हा त्याहून लबाड शब्द. वरवर तो स्तुती करतो, पण त्याच्या जातीच्या माणसाकडून असे काम अपेक्षितच नव्हते, हे वाचकाच्या गळी उतरवतो.

दुसऱ्या बैठकीत एका ज्येष्ठांनी तोडगा सुचविला: “जात काढायचीच कशाला? ‘देवपाल नावाच्या गृहस्थाने’ असे लिहा, म्हणजे वाद मिटला.” हेतू चांगला होता. पण देवपालाने स्वतःचा धंदा दगडावर कोरवून घेतला आहे, त्याला त्याची लाज वाटलेली दिसत नाही. तो शब्द आम्ही काढला, तर चामड्याचे काम करणाऱ्यांच्या इतिहासातला दुर्मिळ पुरावा आमच्याच हातून पुसला जाईल. शब्द अवघड आहे म्हणून गाळणे ही तटस्थता नव्हे.

तिसरा मसुदा तरुण मंडळींचा होता: “यावरून त्या काळी छत्तीसगडात जातिभेद नव्हता असे सिद्ध होते.” वाक्य ऐकायला गोड आहे, पण एका माणसाच्या दाखल्यावर साऱ्या समाजाचा निकाल देता येत नाही. देऊळ बांधण्याइतका पैसा देवपालाजवळ होता आणि आपले नाव कोरवून घेण्याची मोकळीक त्याला होती, एवढेच लेखातून कळते. त्या देवळाच्या गाभाऱ्यात त्याला जाता येत होते का, तो स्वतः जोडे शिवत होता की धंदा चालवीत होता, गावातले इतर मोची कसे राहत होते, याचे उत्तर लेखातून निघत नाही. खात्याच्या चौकशीत साक्षीदार जेवढे बोलला तेवढेच कागदावर घ्या, असा आग्रह आपण धरतो ना? मग देवपालाच्या साक्षीलाही तोच न्याय हवा.

तेव्हा एकाने ‘देवपाल हा दलित’ असे लिहायचे सुचविले. आजच्या चळवळीत तो शब्द स्वाभिमानाचा आहे, पण तो आजच्या लढ्याने घडविलेला आहे. ‘हरिजन’ हे गांधीजींनी १९३० नंतर रूढ केलेले नाव, तर ‘अनुसूचित जाती’ हा १९३५ च्या कायद्यातला शब्द. १४१५ च्या माणसाला यांपैकी कोणताही शब्द चिकटविला, तर त्याचे त्या काळचे नेमके स्थान आपल्याला आधीच ठाऊक आहे, असे आपण भासवतो. म्हणून लेखातला ‘मोची’ हाच शब्द ठेवला.

एक गोष्ट मात्र फार उशिरा लक्षात आली. लेखाच्या शेवटी तो रचणारा मिश्र दामोदर, लिहिणारा वास्तव्य कुळातील रामदास आणि कोरणारा सूत्रधार रत्नदेव, अशा नोंदी आहेत. म्हणजे दगडावर प्रत्येकाचे कूळ वा काम नोंदले आहे. आमच्या मसुद्यात मात्र बाकीचे नुसते ‘दामोदर’, ‘रामदास’ आणि ‘रत्नदेव’ होते, फक्त देवपाल ‘मोची’ होता. जात सांगायची तर सगळ्यांची सांगावी. एकाचीच सांगितली, तर जात फक्त त्यालाच आहे असे वाटते.

आता कोणी म्हणेल, की असे जपून लिहिले तर अन्यायही सौम्य होऊन जाईल. ही भीती खोटी नाही. संत चोखामेळ्यांचेच पाहा. इ. स. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्यास तटाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले, असे वारकरी परंपरा सांगते. यावर ‘बांधकामावरील अपघातात निधन झाले’ असे लिहिले, तर एकही शब्द खोटा नाही, पण वाक्य खोटे आहे. त्या कामावर महार मजूर का होते, हे त्यात येत नाही. वेठीचे काम त्यांच्यावर गावाने आणि सत्तेने लादले होते. विठ्ठलाच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. ‘प्रवेश नव्हता’ असेही अर्धवट लिहू नये. बंदी घालणारे कोण, ते लिहावे. रुळावर गँगमन दगावला, की अहवालात ‘दुर्दैवी घटना’ एवढेच येते, तेव्हा आपण काय विचारतो? कामावर कोणी पाठविले, संरक्षण का नव्हते? इतिहासालाही तेच विचारायचे.

उतरंड सांगतानाही हेच धोरण ठेवले. ‘खालच्या जाती’ असे आम्ही आमच्या तोंडाने लिहीत नाही. ‘धर्मशास्त्राच्या ग्रंथकारांनी ज्यांना खालचे स्थान दिले’ असे लिहितो. शब्द चार वाढतात, पण उतरंड निसर्गाने घातली नसून माणसांनी घातली, हे वाचकाला दिसते. जुन्या कागदात अपमानकारक शब्द असेल, तर तो अवतरणचिन्हांत, कोणाचा ते सांगून द्यावा. आपल्या वाक्यात तो मिसळू देऊ नये.

अखेर पुस्तिकेत छापायचे वाक्य असे ठरले: “इ. स. १४१५ मध्ये हरिब्रह्मदेव राजाच्या काळात देवपाल मोची याने खल्लारी येथे नारायणाचे देऊळ बांधले. त्याचा लेख मिश्र दामोदर याने रचला, वास्तव्य कुळातील रामदासाने लिहिला आणि सूत्रधार रत्नदेवाने कोरला.” मजकूर वाचून दाखविल्यावर आमच्या त्या सभासदांनी मान डोलावली आणि म्हणाले, “आता देवपाल रांगेत बाकीच्यांच्या बरोबरीने उभा आहे.”