थायरॉईडची गोळी, लाल गोळी आणि मधले चार तास

पनवेल भागातल्या आमच्या बचत गटांची बैठक असते तेव्हा हप्त्यांचा हिशोब झाला की गोष्टी तब्येतीवर येतात. मागे एका बैठकीत एका ताईने पिशवीतून रिपोर्ट काढला. ताई पाच महिन्यांची गरोदर. थायरॉईडची गोळी दोन वर्षं चालू, 50 ची. टीएसएच आधी 3 च्या आसपास होता, तो 8 वर गेला होता. डॉक्टरांनी गोळी 75 ची केली, तरी पुढच्या तपासणीत तो खाली येईना. ताई म्हणाली, "गोळी एक दिवस चुकवली नाही हो!"

ती खोटं बोलत नव्हती. आम्ही विचारलं, घेतेस कशी? तर सकाळी साडेसातला, चहाबरोबर, तिन्ही गोळ्या एकदम: थायरॉईडची, लोहाची लाल आणि कॅल्शियमची. एकदाच घेतल्या की दिवसभर डोक्याला ताप नाही, हा तिचा विचार. आपण सगळ्याच असं करतो.

आता आत काय होतं ते बघू. थायरॉईडची गोळी पोटात विरघळते आणि लहान आतड्यातून रक्तात जाते. रिकाम्या पोटीसुद्धा ती सगळी जात नाही, थोडी वाया जातेच. पोटात चहा-पोळी असेल तर आणखी कमी जाते. आणि लोह किंवा कॅल्शियम सोबत असेल तर ते या औषधाला चिकटून बसतं. चिकटलेलं औषध आतड्यातून रक्तात शिरू शकत नाही, शौचावाटे निघून जातं. म्हणजे गोळी गिळली, पण अंगी लागली नाही.

वजनाचा फरक पाहा. थायरॉईडच्या गोळीवरचा 50 हा आकडा मायक्रोग्रॅमचा असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. सरकारी लाल गोळीत लोह असतं 60 मिलिग्रॅम, म्हणजे बाराशे पट. कॅल्शियम तर 500 मिलिग्रॅम. एवढ्या गर्दीत ती चिमूटभर गोळी कुठे टिकणार? म्हणून मध्ये किमान चार तास ठेवायचे. पित्तावरच्या पातळ औषधाचंही तसंच.

हे लवकर लक्षात येत नाही, कारण या औषधाचा साठा शरीरात बरेच दिवस पुरतो. आठवडाभर चुकीची वेळ झाली तरी काही जाणवत नाही. मग हळूहळू थकवा, सूज, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं सुरू होतं, आणि गरोदरपणात ते सगळं दिवसांवरच ढकललं जातं. पण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईडवर चालते. त्या काळात आईची गरजही वाढते, म्हणून डॉक्टरांनी आधी डोस वाढवला, ते बरोबरच होतं.

आम्ही ताईबरोबर बसून तिचा दिवस मांडला. पहाटे पाणी भरायला साडेपाचला उठते, तेव्हाच थायरॉईडची गोळी, फक्त साध्या पाण्यासोबत. गोळ्यांची बाटली हंड्याशेजारच्या फळीवर. साडेसहाला चहा, म्हणजे तासभर मिळाला. दुपारी साडेबाराला जेवणाबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी. चार वाजता लाल गोळी, लिंबूपाण्याबरोबर, कारण लिंबाने लोह चांगलं लागतं. चहा मात्र त्यानंतर तासभर नाही. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एकमेकांना आडवे येतात, त्यांच्यातही दोन तास हवेत. रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी. कुठलीच गोळी बंद करायची नाही, फक्त वेळा वेगळ्या.

ताई हा कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली. ते गोळी 100 ची करणार होते, पण वेळा ऐकल्यावर 75 च ठेवली आणि महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. टीएसएच 2 च्या जवळ आला.

इथे एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. चुकीच्या वेळेवर डोस वाढवत नेला आणि मग एक दिवस तुम्ही वेळ सुधारली, तर तीच गोळी जास्त होऊ शकते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, असं झालं तर लगेच दाखवा. म्हणून वेळ बदलताना डॉक्टरांना सांगा आणि चार ते सहा आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी केला तर खरा आकडा दिसत नाही.

ज्यांना पहाटेची लोकल पकडायची असते आणि चहाशिवाय निघवत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेतली तरी चालते. पण जेवून तीन तास झालेले हवेत. आणि रात्रीच्या जेवणातली कॅल्शियमची गोळी मग दुपारी सरकवावी लागेल, ते विसरू नका.