एक मीटर, दोन बिऱ्हाडं

मे महिना, रत्नागिरीतलं घर. खाली मालक, वर भाडेकरू, मीटर एकच. मालक म्हणतात, "भाऊ, मोटर चालू असताना एसी नका लावू." यात तथ्य किती?

वीजबिलावर 'मंजूर भार' बघा. समजा, तो 3 किलोवॅट आहे. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट घेतो, विहिरीवरची एक अश्वशक्तीची मोटर एक किलोवॅटच्या आसपास. त्यात फ्रिज, पंखे आले की मर्यादा गाठलीच. गिझर तर विसराच. शिवाय सुरू होताना मोटर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

मोटर लावताक्षणीच एमसीबी पडला, तर हा सुरुवातीचा झटका किंवा मोटरमधला दोष. पंधरा-वीस मिनिटांनी पडला, तर एकूण भार जास्त. तिथे मोठा एमसीबी बसवू नका. वायर तीच राहते आणि तापते.

मोटर सकाळी, एसी रात्री, एवढं ठरलं तरी बहुतेकदा भागतं. नाहीतर मालकांनी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा. रागाने वीज तोडणं मात्र चालणार नाही; महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 29 त्याला मनाई करतं.