स्वतःच्या मजकुराचा हिशेब



 या परिषदेतल्या अध्यक्षीय भाषणासाठी मी एकच विषय निवडला आहे. स्वतः पूर्वी लिहिलेला मजकूर, स्वतःच गोळा केलेली माहिती पुन्हा वापरायची झाली तर ती कशी वापरावी? नाशिकमध्ये हा विषय बोलण्याला कारण आहे. आपले आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली इथे स्थापन झाले. राज्यभरातल्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी अशा शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या डिसर्टेशनची वाट म्हसरूळच्या त्या इमारतीकडे जाते. प्रत्येक डिसर्टेशनच्या आधी सिनॉप्सिस असतो आणि पुढे एखाददुसरा शोधनिबंध निघतो. म्हणजे एकाच अभ्यासाचा मजकूर किमान तीनदा लिहिला जातो. विद्यार्थी हळूच विचारतात, ‘सर, माझंच मी पुन्हा लिहिलं तर चोरी कशी?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यात साम्याचे टक्के ठरवून दिले: दहापर्यंत दंड नाही, दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचा, त्यापुढे शिक्षा वाढत जाते आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. स्वतःच्या मजकुराबद्दलचा खुलासा पुढे एप्रिल २०२० मध्ये आयोगाच्या एका सूचनेने केला. स्वतःचे पूर्वप्रकाशित काम, अंशतः किंवा पूर्ण, पुरेसा संदर्भ न देता पुन्हा मांडणे आणि शैक्षणिक फायद्यासाठी ते नवे व मूळ असल्याचा दावा करणे मान्य नाही, असे त्या सूचनेचे सार आहे. तोच निबंध दुसरीकडे छापणे, मोठ्या अभ्यासाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा नवा म्हणून देणे, आधी वापरलेली माहिती न सांगता पुन्हा वापरणे, इतकेच काय, स्वतःचाच लेख शब्द बदलून लिहिणे, हे सगळे तिथे नावानिशी सांगितले आहे. आणि प्रत्येक वेळी अट एकच आहे: योग्य आणि पूर्ण संदर्भ न देता. पुनर्वापराला मनाई नाही, लपवण्याला आहे. माझे आजचे सगळे म्हणणे या एका अटीभोवती आहे.

लपवल्याने बिघडते काय? आपल्या प्रत्येकाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये असणाऱ्या एका औषधाची गोष्ट सांगतो. ऑन्डॅनसेट्रॉन, शस्त्रक्रियेनंतरची उलटी थांबवण्यासाठी आपण ते रोज देतो. १९९७ साली ट्रामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या औषधाच्या चाचण्यांचा धांडोळा प्रसिद्ध केला. त्यांना आढळले, की छापून आलेल्या चाचणी-अहवालांपैकी १७ टक्के आणि रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के पुनरावृत्त होती. तेच रुग्ण वेगळ्या लेखात, पहिल्या लेखाकडे बोट न दाखवता, पुन्हा आले होते. प्रत्येक रुग्ण एकदाच मोजला, तर साधारण ६.४ जणांना औषध दिल्यावर एकाची उलटी टळत होती. दुबार लेखही धरले, तर हा आकडा ४.९ वर येत होता. म्हणजे औषध प्रत्यक्षापेक्षा २३ टक्क्यांनी जास्त गुणकारी दिसत होते. याचे कारण त्यांनी दाखवले ते फार महत्त्वाचे आहे: पुन्हा छापले गेलेले अहवाल हे नेमके औषधाचा परिणाम जास्त दाखवणारे होते. चांगला निकाल आला की तो दोनदा छापावासा वाटतो. वाक्ये किती सारखी होती याचा इथे काहीच संबंध नव्हता. माणसे दोनदा मोजली गेली होती.

आता आपल्याकडचे एक उदाहरण घेऊन पायरी-पायरीने जाऊ. उदाहरण मी रचलेले आहे, पण असे अभ्यास या जिल्ह्यात नेहमी होतात. स्त्रीरोग विभागातली एक विद्यार्थिनी आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आलेल्या १२० रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रिया तिने अभ्यासाला घेतल्या. ६० जणींना शिरेतून आयर्न सुक्रोज आणि ६० जणींना फेरिक कार्बोक्सिमाल्टोज दिले आणि चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन किती वाढले ते मोजले. पुढे बाळांची जन्मवजनेही नोंदवली.

सिनॉप्सिसमधला मजकूर डिसर्टेशनमध्ये जसाच्या तसा आला तर काही बिघडत नाही. सिनॉप्सिस हा त्याच कामाचा आराखडा आहे, तो प्रकाशित झालेला नाही, आणि त्यातल्या उद्दिष्टांशी डिसर्टेशन जुळते की नाही हे परीक्षकांना पाहायचे असते. तिथे शब्द बदलणे उलट संशयाचे ठरेल.

डिसर्टेशनमधून शोधनिबंध काढणेही रीतसर आहे. एल्सेव्हियरसारखे मोठे प्रकाशक प्रबंधाला पूर्वप्रकाशन मानत नाहीत. पण जर्नलचे धोरण पाठवण्याआधी वाचावे, आणि संपादकांना लिहिलेल्या पत्रात व निबंधाच्या तळटीपेत सरळ सांगावे: ‘हा निबंध पहिल्या लेखिकेच्या अमुक वर्षी सादर केलेल्या एम.डी. डिसर्टेशनवर आधारित आहे.’ एवढ्या एका वाक्याने पुढचे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत.

अडचण दुसऱ्या निबंधापाशी येते. जन्मवजनाचा निबंध स्वतंत्र असू शकतो का? असू शकतो, कारण प्रश्न वेगळा आहे. मात्र ‘आम्ही १२० गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला’ अशी सुरुवात करून थांबलात, तर वाचक त्या नव्या १२० जणी समजेल. पुढे कोणी दोन्ही निबंध एकत्र घेऊन आढावा लिहिला, की सुरगाण्याची तीच बाई दोनदा मोजली जाईल. म्हणून पद्धतीच्या भागातच लिहावे: ‘याच १२० स्त्रियांच्या हिमोग्लोबिनविषयीचे निष्कर्ष आम्ही पूर्वी प्रसिद्ध केले आहेत, प्रस्तुत निबंधात त्यांच्या बाळांच्या जन्मवजनाचा विचार केला आहे.’ सोबत पहिल्या निबंधाचा संदर्भ द्यावा. एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियाचा नोंदणी क्रमांक दोन्ही निबंधांत तोच छापावा. नात्याचा याहून पक्का पुरावा नाही. पण तीच विद्यार्थिनी पेठ आणि सुरगाण्याच्या स्त्रियांचा हिमोग्लोबिनवर एक आणि त्र्यंबकेश्वरच्या स्त्रियांचा हिमोग्लोबिनवरच दुसरा निबंध करू लागली, तर गाईडने तिथेच थांबवावे. प्रश्न एकच, नियोजन एकच. रुग्ण विभागून अभ्यासाची ताकदही जाते आणि संदर्भ दिला तरी तो तुकडा निरुपयोगीच राहतो.

आता पद्धतीच्या भागाबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण आपले सर्वाधिक नुकसान तिथे होते. दोन्ही निबंधांत औषध देण्याची आणि मोजमापांची रीत तीच आहे. साम्याचे टक्के उतरवण्यासाठी विद्यार्थी ती फिरवून लिहितात. मूळ वाक्य असते: ‘५ मिनिटे बसवून, उजव्या दंडावर, २ मिनिटांच्या अंतराने रक्तदाब दोनदा मोजला व सरासरी घेतली.’ फिरवल्यावर होते: ‘पुरेशा विश्रांतीनंतर रक्तदाब नोंदवण्यात आला.’ टक्के उतरले, आणि पाच मिनिटे, उजवा दंड, दोन नोंदी, सरासरी हे सगळे गेले. हा अभ्यास दुसऱ्या कोणाला आता तसाच करून पाहता येणार नाही. शिवाय आयोगाच्या सूचनेप्रमाणे संदर्भाविना शब्द बदलणे हीदेखील पुनरावृत्तीच आहे, म्हणजे दोषही टळला नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: ‘पद्धत आमच्या पूर्वीच्या निबंधात वर्णिल्याप्रमाणेच असून, वाचकांच्या सोयीसाठी इथे पुन्हा दिली आहे’ असे लिहा, संदर्भ द्या आणि वाक्ये तशीच राहू द्या. जर्नलने संक्षेप मागितला तर थोडक्यात द्या, पण आकडे सोडू नका. निष्कर्ष आणि चर्चा यांना मात्र ही मुभा नाही. नव्या निबंधाचा नवा दावा तिथेच असतो. ती चर्चा जुन्याच परिच्छेदांनी भरली, तर नवा निबंध लिहायला हवा होता का, हाच प्रश्न आहे.

कधी क्रम उलटा असतो. आधी निबंध प्रसिद्ध होतो आणि मग प्रबंध सादर होतो. पीएचडीसाठी तर आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करणे बंधनकारकच केले होते. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली. अशा वेळी तपासणीच्या अहवालात साम्य येणारच. समजा अहवालात ३१ टक्के आले. घाबरून शब्द बदलायला बसण्याआधी अहवाल उघडा आणि स्रोतवार पाहा. त्यातले १९ टक्के विद्यार्थिनीच्याच निबंधाशी जुळत असतील, तर त्या प्रकरणाच्या सुरुवातीला निबंधाचा पूर्ण संदर्भ आहे का, सहलेखकांची संमती आहे का, हे तपासा. २०१८ च्या नियमांत संदर्भ व परवानगीसह उद्धृत केलेला मजकूर तपासणीतून वगळण्याची तरतूद आहे. तो स्रोत वगळून दुसरा अहवाल काढा आणि दोन्ही अहवाल गाईडच्या प्रमाणपत्रासह जोडा. उरलेले १२ टक्के दुसऱ्यांचे आहेत. खरी चिंता त्यांची करायची आहे. आणखी एक गोष्ट विसरू नये: निबंध तुमचा असला तरी त्यातल्या आकृत्या-तक्त्यांचा हक्क तुम्ही प्रकाशकाला लिहून दिला असेल. प्रबंधात वापरायला बरेच प्रकाशक आधीच मुभा देतात, पण दुसऱ्या जर्नलमध्ये तीच आकृती छापायला लेखी परवानगी लागते.

परीक्षकांसाठी एक सांगतो. ८ टक्क्यांचा अहवाल निर्दोषपणाची खूण नाही. संगणक वाक्ये जुळवतो, रुग्ण जुळवत नाही. दोन निबंधांत रुग्णांची संख्या, अभ्यासाचा काळ, रुग्णालय आणि पहिल्या तक्त्यातली सरासरी व प्रमाण विचलन दशांशापर्यंत सारखे असेल, आणि दुसऱ्यात पहिल्याचा उल्लेख नसेल, तर शब्द शंभर टक्के वेगळे असले तरी ती दुबार प्रसिद्धी आहे. हे शोधायला दोन तक्ते शेजारी ठेवून दहा मिनिटे वाचावे लागते.

म्हणून या सभागृहातल्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. तुमच्या विभागात डिसर्टेशनसोबत टक्क्यांचे प्रमाणपत्र जोडले जाते, त्याच पानाखाली आणखी एक रकाना सुरू करा: या रुग्णांची माहिती पूर्वी कुठे प्रसिद्ध झाली आहे, आणि पुढे कुठे पाठवली आहे? विद्यार्थ्याने तो भरावा, तुम्ही तपासून त्यावर सही करावी. त्यासाठी कुठल्या नव्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. येत्या बॅचपासून करता येईल.