सहा आकडे जुळले, पण पंप बरोबर आहे का?

आज बोलूया एचपीएलसी मशीनच्या नेहमीच्या तपासणीबद्दल.

समजा, एकाच व्हायलमधून सहा इंजेक्शनं दिली. पीकच्या क्षेत्रफळांचा आरएसडी आला ०.४ टक्के, मर्यादा १ टक्का. म्हणजे इंजेक्टर दर वेळी सारखंच माप उचलतोय. पण पंप कायम एकसारखा हळू चालत असेल, तरी हे आकडे जुळणारच ना!

म्हणून स्टॉपवॉच घ्या. पंपावर मिनिटाला १ मिली लावा आणि बाहेर येणारं द्रव १० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरू द्या. १० मिनिटं लागायला हवीत. साडेदहा लागली, तर प्रवाह ०.९५ मिली, म्हणजे जवळपास ५ टक्के कमी. साधारण २ टक्क्यांपर्यंत चालतं. आधी पंपातली हवा काढा, मग चेक व्हॉल्व्ह आणि सील बघा.

डिटेक्टरला कॅफिनचं द्रावण द्या. शोषणाचं एक शिखर २७३ नॅनोमीटरवर दिसायला हवं, फार तर २ इकडेतिकडे.

आता पुन्हा सहा इंजेक्शनं. पीकची वेळ स्थिर, पण क्षेत्रफळ उड्या मारतंय? इंजेक्टर बघा. दोन्ही हलतायत? आधी पंप बघा.