बादलीतलं विसर्जन : आधी तपासणी, मग पाणी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, गणेशोत्सवापूर्वीच्या सभेत केलेलं भाषण)



गणपती उठल्यानंतर आठवड्याभराने पांझरेच्या पुलावरून खाली पाहिलं, की उघड्या पडलेल्या पात्रात हात तुटलेल्या, मुकुट फुटलेल्या मूर्ती दिसतात. आपणच दहा दिवस ज्यांना नैवेद्य दाखवला, त्याच त्या मूर्ती. म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्या घरी ठरलं की विसर्जन घरातच, बादलीत करायचं.

पहिल्याच वर्षी फजिती झाली. दुकानदार म्हणाला शाडूची मूर्ती आहे, मी मानलं. पाचव्या दिवशी आरती करून बाप्पांना बादलीत ठेवलं. सकाळी पाहतो तर मूर्ती जशीच्या तशी. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. नातू विचारायला लागला, "आजोबा, बाप्पा गावाला गेलेच नाहीत का?" आमच्या सौभाग्यवती तर त्या बादलीकडे पाहीनात. मूर्ती प्लास्टरची होती. बँकेत आयुष्यभर सह्या तपासल्या, पण मूर्ती काही तपासली नाही!

तपासणी सोपी आहे. मूर्ती उलटी करून तळाचा रंग न लागलेला भाग पाहा. तिथे पाण्याचे दोन थेंब टाका आणि मिनिटभराने बोटाने चोळा. शाडू असेल तर जागा मऊ होते, बोटाला करडा चिखल लागतो. प्लास्टर पाणी शोषतं, पण घट्टच राहतं. नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी निघते. पैसे देण्याआधी दुकानातच हे करा. आणि चकचकीत ऑइलपेंटची मूर्ती घेऊ नका. आत शाडू असला तरी रंगाचा पापुद्रा पाण्याला आत जाऊ देत नाही, आणि तो विरघळतही नाही.

शाडूची मूर्ती कच्चीच असते, भाजलेली नसते. म्हणून ती साध्या पाण्यात विरघळते. हार, वस्त्र, दागिने काढून घ्या. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या. नऊ इंची मूर्ती बहुधा सकाळपर्यंत आपोआप बसते. मध्ये काठीने ढोसू नका, घरातल्यांना ते पाहवत नाही. दुर्वा, फुलं या बादलीत नकोत, ती खताच्या खड्ड्यात.

आता खरा प्रश्न. शेजारच्या मावशींनी मला तो अहिराणीत विचारला होता, "भाऊ, हाई माटी आते कोठे टाकू?" बहुतेक जण ती तुळशीत ओततात. तसं करू नका. शाडू फार बारीक असतो. कुंडीत त्याचा थर बसतो, तो वाळला की कडक होतो आणि पाणी खाली मुरत नाही. आमची तुळस अशीच गेली. त्यापेक्षा गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओतून टाका, आणि गाळ जुन्या सुती धोतरावर पसरून सावलीत वाळवा. रंगाचे तुकडे वेचून टाका. ही ढेकळं डब्यात ठेवली की पुढच्या वर्षी दोन दिवस भिजवून, मळून त्याच मातीची मूर्ती होते. शाडू आपल्याकडे निघत नाही, बराचसा गुजरातेतून येतो. तो दरवर्षी फेकायचा कशाला?

आणि प्लास्टरची मूर्ती घरात आलीच असेल तर? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यावर उपाय दिला आहे. अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीत बिस्किटांसाठी वापरतात ती पांढरी पूड. मूर्तीच्या वजनाइतकी पूड घ्यायची. आमची मूर्ती दोन किलोची होती. म्हणून दोन किलो पूड, पंधरा लिटर पाणी आणि मोठी बादली घेतली. बुडबुडे येतात, अमोनियाचा उग्र वास सुटतो, म्हणून बादली गच्चीवर किंवा अंगणात ठेवावी, मुलांना लांब ठेवावं. अधूनमधून ढवळत राहिलं की दोनेक दिवसांत मूर्ती विरते. रंग जाड असेल तर जास्त वेळ लागतो. खाली खडूसारखी चुनखडी बसते, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं. हो, आपण शेताला घालतो तेच खत. पण ते फार तीव्र असतं. सरळ ओतलं तर झाड जळेल. एक पेला बादलीभर पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांना द्यावं. रंग त्यात उतरलेला असतो, म्हणून भाजीला आणि तुळशीला देऊ नये.

हिशेब पाहिला तर शाडूला फक्त पाणी लागतं. प्लास्टरला किलोभर मूर्तीमागे किलोभर पूड, दोन दिवस आणि वास.

यंदा पार्किंगच्या कोपऱ्यात दोन पिंपं ठेवू. एक शाडूसाठी, दुसरं प्लास्टरसाठी. कोणती मूर्ती कुठे, हे ओळखायला मी तिथे पाण्याची वाटी घेऊन बसेन. वाळलेली माती गुलाबाई आणि पुढच्या पोळ्याचे बैल करायला मुलांना देऊ.

गणपती बाप्पा मोरया!